हॉटेलचे ड्युटी रोस्टर आणि एचआरचा रिझ्युमे

हॉटेलच्या फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग किंवा रेस्टॉरंटमध्ये सात-आठ वर्षे काढलेला सुपरवायझर किंवा असिस्टंट मॅनेजर मनुष्यबळ विभागात, म्हणजे एचआरमध्ये जायचे ठरवतो, तेव्हा पहिली अडचण रिझ्युमेची येते. त्याच्या जुन्या रिझ्युमेत चेक-इन, चेक-आउट, ऑक्युपन्सी, बँक्वेट आणि गेस्ट रिलेशन्स एवढेच असते. एचआरमध्ये भरती करणारा माणूस तो वाचतो आणि हा हॉटेलचा माणूस आहे, आपल्या कामाचा नाही, असे ठरवून बाजूला ठेवतो. प्रत्यक्षात ज्याने दोन वर्षे दर आठवड्याला दहा माणसांचे ड्युटी रोस्टर लावले, त्याने रजा, साप्ताहिक सुटी, ओव्हरटाइम, गैरहजेरी आणि कर्मचाऱ्यांच्या तक्रारी हे सगळे हाताळलेले असते. मात्र ते पुरावा म्हणून वाचता येईल अशा रूपात कागदावर आलेले नसते.

त्यावर बहुतेक जण शोधतात तो उपाय शब्द बदलण्याचा. ‘स्टाफ सांभाळला’ याच्या जागी ‘मनुष्यबळ व्यवस्थापन केले’ आणि ‘गेस्टच्या तक्रारी सोडवल्या’ याच्या जागी ‘संघर्ष निवारण’ असे लिहिले जाते. यामुळे संगणकीय चाळणीतून रिझ्युमे पुढे सरकेलही, पण मुलाखतीच्या पहिल्या दोन प्रश्नांत तो उघडा पडतो. किती माणसे होती, कोणता नियम लावला, निर्णय कोणाचा होता, नोंद कुठे झाली आणि त्यानंतर काय बदलले, या पाच प्रश्नांची उत्तरे ज्या वाक्यातून मिळतात तेच वाक्य एचआरच्या दृष्टीने पुरावा ठरते.

रोस्टरमागचा हिशेब

हॉटेलच्या अनुभवातला सर्वांत भक्कम पुरावा रोस्टरमध्ये असतो, कारण मनुष्यबळ नियोजनाचे पूर्ण गणित त्यातच असते. पुण्यातल्या एखाद्या बिझनेस हॉटेलचे फ्रंट ऑफिस उदाहरणादाखल घेऊ. सकाळच्या पाळीला तीन, दुपारच्या पाळीला तीन आणि रात्रीच्या पाळीला दोन माणसे लागतात. म्हणजे दिवसाला ८ ड्युट्या आणि हॉटेलला सुटी नसल्याने वर्षाला ८ गुणिले ३६५, म्हणजे २,९२० ड्युट्या.

आता एक माणूस वर्षात किती दिवस कामावर येऊ शकतो ते पाहायचे. ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्या वजा केल्या की ३१३ दिवस उरतात. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कर्मचाऱ्याला वर्षाला ८ भरपगारी सणाच्या सुट्या आणि ८ नैमित्तिक रजा मिळतात. शिवाय वर्षात किमान २४० दिवस काम झाले की दर २० दिवसांमागे एक अर्जित रजा मिळते. ती साधारण १४ दिवस धरली तर एकूण ३० दिवस झाले. म्हणजे एका माणसाचे कामाचे दिवस २८३. दोन हजार नऊशे वीसला २८३ने भागले की १०.३ येतात. दहा माणसे कमी पडतात आणि अकरावे लागते.

विभागात दहाच पदे मंजूर असतील, तर वर्षाला ९० ड्युट्या रिकाम्या राहतात, महिन्याला सात ते आठ. त्या कोणीतरी डबल शिफ्ट करून भरून काढतो, नाहीतर कोणाची तरी साप्ताहिक सुटी बुडते. कोणी आजारी नसताना आणि कोणी नोकरी सोडलेली नसतानाही हा तुटवडा असतो. अनेक सुपरवायझर याला ‘स्टाफची बोंब’ म्हणतात आणि वर्षानुवर्षे सहन करतात. एखाद्याने हाच हिशेब मांडून व्यवस्थापनाला दाखवला असेल आणि अकरावे पद मंजूर करून घेतले असेल, तर ते सरळसरळ एचआरचे काम आहे.

रिझ्युमेत ते कसे उतरते हे या उदाहरणातून पाहता येईल. भारतात रिझ्युमे बहुधा इंग्रजीत लिहिला जातो. इथली नमुना वाक्ये मराठीत आहेत, पण रचना तीच राहते. जुन्या रिझ्युमेत एकच ओळ असते:

‘स्टाफचे रोस्टर बनवणे व शिफ्ट सांभाळणे.’

नव्या रिझ्युमेत तिच्या दोन ओळी होतात:

‘फ्रंट ऑफिसच्या १० कर्मचाऱ्यांचे तीन पाळ्यांचे साप्ताहिक रोस्टर दोन वर्षे तयार केले, साप्ताहिक सुटी, रजा, बदली सुटी आणि ओव्हरटाइमची नोंद ठेवून दरमहा पगार विभागाला दिली.’

‘रजा धरून वार्षिक मनुष्यबळाचा हिशेब मांडला आणि ११व्या पदाची गरज दाखवली, पद भरल्यानंतर डबल शिफ्ट महिन्याला सरासरी ८वरून २वर आल्या.’

दुसऱ्या ओळीतला शेवटचा आकडा शून्य नाही, याकडे लक्ष द्यायला हवे. अचानक आजारपण, नोकरी सोडणे आणि लग्नसराईची गर्दी यामुळे थोड्या डबल शिफ्ट राहतातच. ज्याने रोस्टर लावले आहे त्याला हे माहीत असते, आणि वाचणाऱ्याला त्यावरूनच आकडा खरा असल्याचे कळते.

रोस्टरमधला आणखी एक भाग रात्रपाळीचा. याच कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिला कर्मचाऱ्याला काम द्यायचे असेल, तर तिची संमती लागते, आणि सुरक्षितता व घरापर्यंत वाहनाची सोय करावी लागते. ज्या सुपरवायझरने महिलांची लेखी संमती घेऊन, गाडीचे वेळापत्रक रोस्टरशी जुळवून रात्रपाळी लावली, त्याने कायद्याचे पालन प्रत्यक्षात केलेले असते. ‘रात्रपाळीतील महिला कर्मचाऱ्यांची संमतीपत्रे आणि घरपोच वाहनाची व्यवस्था सांभाळली’ ही एक ओळ कामगार कायद्यांच्या ज्ञानाबद्दल लिहिलेल्या मोघम परिच्छेदापेक्षा जास्त सांगते.

गणपतीची रजा

रोस्टरमध्ये गणित असते तसा न्यायही असतो. मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत त्याची खरी परीक्षा गणपतीत होते. कोकणातल्या कर्मचाऱ्यांना गावी जायचे असते, गाड्यांची तिकिटे महिनोन्‌महिने आधी काढलेली असतात, आणि सात-आठ जणांचे रजेचे अर्ज एकाच आठवड्यासाठी येतात. दिवाळीत पुन्हा तेच. इथे जो सुपरवायझर पहिला अर्ज करेल त्याला रजा देतो, त्याच्याकडे दरवर्षी तीच दोन-तीन हुशार माणसे गावी जातात आणि बाकीच्यांत कुरकुर सुरू होते. जो आवडत्या माणसाला आधी रजा देतो, त्याच्या विभागातून सणानंतर राजीनामे येतात.

याउलट एखादा सुपरवायझर सणाच्या दोन महिने आधी सगळ्यांकडून लेखी पसंती मागवतो. गणपती किंवा दिवाळी यांपैकी एकच निवडायला सांगतो. एका सणाला जास्तीत जास्त तिघांना रजा ही मर्यादा आधीच जाहीर करतो. अर्ज जास्त आले तर मागच्या वर्षीच्या नोंदी काढून ज्यांना तेव्हा रजा मिळाली नव्हती त्यांना प्राधान्य देतो, आणि अंतिम यादी फलकावर लावतो. ज्याला नकार मिळतो त्याला कारण कळते आणि पुढच्या वर्षी आपला क्रम वर असेल हेही कळते. एचआरमध्ये धोरण ठरवणे म्हणतात ते याहून वेगळे नसते: निकष आधी जाहीर करणे, ते सर्वांना सारखे लावणे आणि निर्णयाची नोंद ठेवणे.

रिझ्युमेत याची ओळ अशी होईल: ‘सणासुदीच्या रजेसाठी लेखी पसंती आणि मागील वर्षाच्या नोंदींवर आधारित आळीपाळीची पद्धत सुरू केली, दोन वर्षे वापरली.’ या ओळीत टक्केवारी नाही आणि तिची गरजही नाही. मुलाखतीत हमखास विचारले जाते की दोघांना एकाच दिवशी रजा हवी असेल तर काय केले. रिझ्युमेतली ही ओळ त्या प्रश्नाला स्वतःहून बोलावते, आणि उत्तर तयार असते.

गेस्ट आणि कर्मचारी यांच्यातला फरक

हॉटेलमधल्या उमेदवारांना वाटते की गेस्ट हाताळण्याचा अनुभव हाच आपला सर्वांत मोठा गुण. एचआरच्या दृष्टीने तो रोस्टरपेक्षा दुय्यम आहे आणि त्याला कारण आहे. चिडलेल्या गेस्टला रूम अपग्रेड किंवा बिलात सूट देऊन शांत करता येते. तो दोन दिवसांनी निघून जातो, आणि त्याला दिलेली सवलत शेजारच्या खोलीतल्या गेस्टला माहीत नसते. कर्मचारी मात्र उद्याही त्याच जागी असतो. त्याला दिलेली सवलत संध्याकाळपर्यंत सगळ्या विभागाला कळते आणि पुढच्या वेळी दाखला म्हणून समोर येते. म्हणून ‘रोज पन्नास गेस्टच्या तक्रारी सोडवल्या’ हे वाक्य ग्राहकसेवेच्या नोकरीत चालते, एचआरच्या रिझ्युमेत ते वाचणाऱ्याला उलट शंका देते: हा माणूस सगळ्यांना खूश करत सुटेल का?

गेस्ट हाताळण्यातला जो भाग कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचतो तोच इथे उपयोगाचा. समजा, दुपारी दोन वाजता येणाऱ्या गेस्टना खोली तयार मिळत नाही आणि रिसेप्शनवर रोज आवाज चढतो. रिसेप्शनिस्ट हाउसकीपिंगला दोष देतात, हाउसकीपिंगवाले रिसेप्शनला. ड्युटी मॅनेजर दोन आठवड्यांचे लॉगबुक काढून पाहतो, तेव्हा बहुतेक उशीर एक ते दोनच्या दरम्यान झालेला दिसतो. खोली तपासून ‘तयार’ असा शेरा देणारे दोन्ही सुपरवायझर त्याच वेळी जेवायला गेलेले असतात, आणि खोल्या स्वच्छ होऊनही अडकून पडतात. तो दोन्ही विभागांना एकत्र बसवतो, जेवणाच्या वेळा पुढे-मागे करून घेतो आणि पुढचे दोन आठवडे नोंदी पुन्हा पाहतो.

या घटनेत गेस्टला चहा पाजून शांत करणे ही ग्राहकसेवा झाली. दोन विभागांतला वाद कोणावर ठपका न ठेवता नोंदींवरून सोडवणे हे मनुष्यबळाचे काम झाले. रिझ्युमेत दुसरा भाग लिहायचा: ‘खोल्या उशिरा मिळण्यावरून फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग यांच्यात असलेला वाद लॉगबुकच्या नोंदींवरून तपासला, सुपरवायझरांच्या जेवणाच्या वेळा बदलून सोडवला.’

गेस्ट हाताळण्याचा दुसरा महत्त्वाचा धागा गैरवर्तनाचा आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार, कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या व्यक्तींपासूनही महिला कर्मचाऱ्याला सुरक्षित वातावरण देणे ही मालकाची जबाबदारी आहे. गेस्ट हा असाच बाहेरचा माणूस. रिसेप्शनवरच्या किंवा हाउसकीपिंगमधल्या मुलीने गेस्टच्या वागण्याची तक्रार केल्यावर तिला लगेच त्या मजल्यावरून हलवणे, तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत लिहून घेणे, तिला अंतर्गत समितीकडे जाण्याचा मार्ग सांगणे आणि सीसीटीव्हीचे चित्रण लगेच राखून ठेवायला लावणे, एवढे ज्या ड्युटी मॅनेजरने केले आहे त्याचा अनुभव एचआरमध्ये मोलाचा आहे. मात्र हाच कायदा तक्रारीतील मजकूर आणि संबंधितांची ओळख उघड करायला मनाई करतो. त्यामुळे रिझ्युमेत ‘गेस्टकडून झालेल्या गैरवर्तनाच्या तक्रारींत प्राथमिक नोंद आणि अंतर्गत समितीपर्यंत पाठपुरावा’ इतकेच लिहावे. महिना, मजला, विभाग किंवा गेस्ट कुठल्या कंपनीचा होता, यांतले काहीही नको. मुलाखतीत तपशील विचारले तरी ते न सांगणे हेच योग्य उत्तर, आणि अनुभवी एचआर व्यवस्थापक ते ओळखतो.

आकडे कुठून आणायचे

जुने रोस्टर, हजेरीचा बायोमेट्रिक अहवाल, प्रशिक्षण नोंदवही आणि लॉगबुक हे आकड्यांचे खरे उगम. नोकरी सोडण्यापूर्वी यांतून फक्त बेरजा टिपून ठेवाव्यात: किती माणसे, किती पाळ्या, वर्षात किती जण आले आणि गेले, किती नव्यांना शिकवले. मूळ कागद, रोस्टरचे फोटो किंवा गेस्टची यादी बाहेर नेऊ नये. दुसऱ्या कंपनीच्या एचआरला असे कागद दाखवणारा उमेदवार गोपनीयतेच्या पहिल्याच कसोटीत नापास होतो.

लहान गटाचे आकडे टक्केवारीत देण्याचा मोह आवरावा लागतो. दहा जणांच्या गटातून एका वर्षी पाच जण गेले आणि पुढच्या वर्षी तीन, तर ‘गळती ४० टक्क्यांनी घटवली’ हे गणिताने बरोबर असले तरी फुगवलेले वाटते. दोन माणसांचा फरक योगायोगानेही पडू शकतो. त्याच वर्षी पगारवाढ झाली असेल किंवा समोरचे हॉटेल बंद पडले असेल, तर श्रेय एकट्याचे नसतेच. ‘दहा जणांच्या गटात वर्षाला नोकरी सोडणारे ५वरून ३वर आले, या काळात प्रत्येकाची सोडतानाची मुलाखत घेऊन कारणे नोंदवली’ असे लिहिल्यास आकडाही खरा राहतो आणि केलेले कामही दिसते. नोकरी देण्यापूर्वी अनेक कंपन्या पार्श्वभूमी तपासतात आणि जुन्या वरिष्ठांना फोन करतात. त्या फोनवर टिकणार नाही ते लिहू नये.

पानाची मांडणी

क्षेत्र बदलणारे काही जण नोकऱ्यांचा क्रम गाळून फक्त कौशल्यांची यादी देतात. भरती करणाऱ्याला त्यात काहीतरी लपवल्याचा वास येतो. मिश्र मांडणी जास्त चालते. सुरुवातीला तीन ओळींचा सारांश असावा आणि त्यात हवे असलेले पद स्पष्ट लिहावे. उदाहरणार्थ, ‘हॉटेल फ्रंट ऑफिसमध्ये ८ वर्षे, त्यांपैकी २ वर्षे १० जणांच्या गटाचे रोस्टर, रजा आणि प्रशिक्षण यांची जबाबदारी, पाळ्यांमध्ये चालणाऱ्या आस्थापनेत एचआर एक्झिक्युटिव्ह पदासाठी इच्छुक’. त्याखाली ‘मनुष्यबळविषयक काम’ या मथळ्याखाली वर पाहिल्यासारख्या पाच-सहा ओळी, मग नोकऱ्यांचा नेहमीचा उलट क्रम, आणि शेवटी शिक्षण. ऑक्युपन्सी, अपसेलिंग आणि बँक्वेटच्या जुन्या ओळी नोकरीमागे एकेकीवर आणाव्यात. सगळे दोन पानांत बसते.

कंपन्यांची संगणकीय चाळणी जाहिरातीतले शब्द शोधते, म्हणून जाहिरातीत ‘शिफ्ट शेड्युलिंग’, ‘ऑनबोर्डिंग’ किंवा ‘ग्रिव्हन्स हँडलिंग’ असे शब्द असतील तर आपल्या खऱ्या कामाला तेच शब्द वापरावेत. रकाने, चौकटी आणि चित्रे टाळावीत, कारण त्यांतला मजकूर अनेकदा नीट वाचला जात नाही.

जे रोस्टर शिकवत नाही

या सगळ्याला मर्यादा आहे. भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विम्याचा भरणा, पगारपत्रक, वेतनरचना आणि बाजारातून उमेदवार शोधणे ही कामे हॉटेलच्या पाळीवर शिकता येत नाहीत. ती येतात असा आव रिझ्युमेत आणला तर मुलाखतीत एका प्रश्नात कळते. नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्यापासून तर जुन्या पुस्तकातली पाठ केलेली कलमे सांगणेही धोक्याचे झाले आहे. ही उणीव अभ्यासाने भरून काढता येते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा कामगार कायदे व कामगार कल्याण पदविका अभ्यासक्रम त्यासाठी अनेक नोकरदार करतात, आणि तो चालू असेल तर ‘चालू’ असेच लिहावे. कारखान्यातील कल्याण अधिकाऱ्याच्या पदाला कायद्यानेच पात्रता ठरवलेली असल्याने तिथे अनुभवाची कितीही चांगली मांडणी पदवीची जागा घेत नाही.

म्हणून अर्ज कुठे करायचा हेही रिझ्युमेइतकेच महत्त्वाचे. रुग्णालये, कॉल सेंटर, मॉलमधली दुकाने आणि फॅसिलिटी मॅनेजमेंट कंपन्या इथे चोवीस तास किंवा सातही दिवस पाळ्या चालतात, आणि रोस्टर कोलमडले की एचआरचा फोन वाजतो. तिथल्या व्यवस्थापकाला ‘२,९२० ड्युट्यांना दहा माणसे पुरत नाहीत’ हे समजावून सांगावे लागत नाही. पहिला अर्ज मात्र आपल्याच हॉटेलच्या एचआर विभागाकडे करून पाहावा, कारण रिझ्युमेतल्या प्रत्येक ओळीची मूळ नोंद तिथल्या कपाटात आधीच असते.